बिल, वॉरंटी कार्ड आणि चार पानांचा अर्ज

आम्ही वरठीच्या एका बचत गटातल्या बाया बोलत आहोत. वरठी म्हणजे तेच गाव, जिथे रेल्वेचं भंडारा रोड स्टेशन आहे. आज तुम्हाला एका फ्रीजची गोष्ट सांगायची आहे. तो फ्रीज आमच्या गटातल्या एका ताईचा. पण त्याची तक्रार लिहायला आम्ही पाचसहा जणी बसलो होतो, म्हणून 'आम्ही' म्हणतो. दुकानाचं आणि कंपनीचं नाव घेणार नाही, कारण प्रकरण मिटलेलं आहे. तुम्हाला उपयोग नावाचा नाही, कागदांचा आहे.

ताईने अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी, १८ एप्रिल २०२३ ला फ्रीज घेतला. किंमत १७,४०० रुपये. ५,४०० रोख दिले आणि बाकीच्या १२,००० चे हजार हजाराचे बारा हप्ते बांधून घेतले. फ्रीज घ्यायचं कारण थंड पाणी नव्हतं. सासूबाईंना साखरेचा आजार आहे, त्यांना रोज इन्सुलिन लागतं. न उघडलेली इन्सुलिनची बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. माठाजवळ ओल्या फडक्यात बाटली ठेवून किती दिवस काढणार?

ऑगस्टमध्ये फ्रीज थंड होईना. मोटर चालू, दिवा चालू, पण आत गारवा नाही. कंपनीच्या नंबरवर फोन केला, १२ ऑगस्टला मेकॅनिक आला, गॅस भरून गेला. दीड महिना बरा चालला. सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा तेच. १ ऑक्टोबरला दुसऱ्यांदा गॅस भरला. नोव्हेंबरमध्ये तिसऱ्यांदा बंद. १८ नोव्हेंबरला मेकॅनिक आला आणि म्हणाला, "वहिनी, हा आतून लीक आहे. बॉडीच बदलावी लागते, इथं काही होत नाही. मी वर कळवतो, नवीन देतील."

तेव्हा ताईची जाऊ घरात होती. ती म्हणाली, "भाऊ, जे तोंडानं सांगून राहिले ना, तेच त्या कागदावर लिहून द्या." मेकॅनिकने थोडी टाळाटाळ केली, पण लिहिलं. जॉबशीटवर इंग्रजीत दोन शब्द आले, 'इंटर्नल लीकेज', आणि खाली त्याची सही. मैत्रिणींनो, पुढचं सगळं प्रकरण त्या दोन शब्दांवर उभं राहिलं.

त्यानंतर कंपनीकडून काही नाही. जानेवारीत फोन केला, "वर कळवलं आहे." मार्चमध्ये फोन केला, "मंजुरी आली नाही." २१ एप्रिल २०२४ ला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, तुमची वॉरंटी १७ तारखेला संपली." दुकानदार म्हणाला, "आम्ही फक्त विकतो, कंपनीशी बोला." तोवर ताईने सगळे हप्ते भरले होते. बंद फ्रीज घरात, आणि इन्सुलिन शेजारच्या घरी. सकाळ-संध्याकाळ तिथं जायचं, दार वाजवायचं. शेजारीण चांगली बाई, पण रोज रोज कोणाच्या दारात उभं राहणं सोपं नसतं.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. ताईचे यजमान नोव्हेंबरातच म्हणत होते, फ्रीज बंद तर हप्ते कशाला भरायचे? पाच हप्ते बाकी होते. पण कर्ज देणारी कंपनी वेगळी आणि फ्रीज बनवणारी वेगळी. हप्ता थांबवला तर दंड लागतो, नाव खराब होतं, आणि भांडण दोन जागी सुरू होतं. त्यांनी हप्ते भरले ते बरंच केलं.

मग एका रविवारी ताई पिशवी घेऊन आमच्यात आली. पिशवीत बिल, वॉरंटी कार्ड, दोन जॉबशीट आणि तिने स्वतः लिहिलेला अर्ज. तो अर्ज वाचून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंचे हाल, दुकानदाराचं बोलणं, कंपनीची फसवणूक, सगळं होतं. पण त्यात खरेदीची तारीख नव्हती, किती वेळा दुरुस्ती झाली ते नव्हतं, आणि काय हवं आहे तेही नव्हतं. शेवटची ओळ होती, "तरी आम्हाला न्याय मिळावा." न्याय म्हणजे काय? नवीन फ्रीज? पैसे परत? वाचणाऱ्याला ते कळायला हवं. म्हणून आम्ही आधी कागद वाचायला बसलो, अर्ज नंतर.

पहिलं बिल. त्यावर तारीख, दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, मॉडेल आणि किंमत होती. दोन अडचणी दिसल्या. एक, बिल यजमानांच्या नावावर होतं आणि तक्रार ताईला करायची होती. दुसरी, बिलावर मॉडेल होतं पण फ्रीजचा सिरीयल नंबर नव्हता. म्हणजे उद्या कंपनी म्हणू शकते, "बिल कशाचं, फ्रीज कोणता?"

पहिल्या अडचणीचं उत्तर कायद्यातच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक म्हणजे फक्त विकत घेणारा नाही. घेणाऱ्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहक आहे. आणि हप्त्याने घेतलेली वस्तूही चालते. तरी आम्ही दोघांची नावं तक्रारदार म्हणून टाकली, म्हणजे तो वादच उरला नाही.

दुसरं वॉरंटी कार्ड. त्यावर दुकानदाराचा शिक्का आणि तारखेची जागा कोरी होती. बहुतेक घरांत ती कोरीच असते, आजच काढून बघा. पण कार्डावर सिरीयल नंबर छापलेला होता, आणि तोच नंबर फ्रीजच्या मागच्या स्टिकरवर होता. स्टिकरवर मॉडेलही होतं, ते बिलाशी जुळलं. आणि कंपनीच्या जॉबशीटवर कंपनीच्याच माणसाने सिरीयल नंबर आणि खरेदीची तारीख १८ एप्रिल २०२३ लिहिली होती. म्हणजे बिलावरून तारीख आणि मॉडेल, स्टिकरवरून मॉडेल आणि नंबर, कार्डावरून नंबर आणि वॉरंटीच्या अटी, आणि जॉबशीटवरून हे सगळं कंपनीने मान्य केल्याचा पुरावा. साखळीची एक कडी दुसरीत अडकली. स्टिकरचा फोटो मोबाईलवर काढून छापून घेतला.

आता कार्डावरच्या अटी. समोर मोठ्या अक्षरात 'दहा वर्षं वॉरंटी' आणि खाली बारीक अक्षरात असं, की पूर्ण फ्रीजला एक वर्ष, आणि दहा वर्षं फक्त कॉम्प्रेसरला. ताईला वाटायचं, दहा वर्षं आहेत ना, काळजी कशाला. पण तिचा कॉम्प्रेसर तर ठणठणीत होता! बिघाड गॅसच्या नळीत होता, आणि तिला एकच वर्ष. म्हणून अर्जात दहा वर्षांचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला नाही. जो दोष नाही त्याची वॉरंटी दाखवली तर समोरच्याला खोडायला सोपं जातं.

मग "वॉरंटी संपली" याचं उत्तर काय? उत्तर तारखांत आहे. वॉरंटी १७ एप्रिल २०२४ पर्यंत. तीनही बिघाड ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२३ मधले. दोष वॉरंटीत निघाला, वॉरंटीत कळवला, वॉरंटीत त्यांच्या माणसाने मान्य केला. पुढचे पाच महिने कंपनीने काढले. ते पाच महिने ताईच्या माथी मारता येत नाहीत.

दुसऱ्या दुरुस्तीचा कागद मात्र नव्हता. मेकॅनिक घाईत गेला होता. पण तक्रार नोंदवली की कंपनीचा संदेश मोबाईलवर येतो, त्यात तक्रार क्रमांक आणि तारीख असते. ताईच्या मुलाने जुने संदेश शोधले, ते सापडले. त्याचा स्क्रीनशॉट काढून छापला. म्हणून सांगतो, असे संदेश पुसू नका. आणि दुकानाचं बिल गुळगुळीत कागदावर, कॅशच्या मशीनमधून निघालेलं असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. त्यावरची शाई उन्हाने, उष्णतेने उडते. दीड वर्षाने कोरा कागद हातात येतो.

आता फ्रीजच्या बिघाडाबद्दल थोडं, कारण ते कळलं नाही तर अर्ज लिहिता येत नाही. आपल्याला वाटतं, गॅस संपतो, सिलिंडरसारखा. फ्रीजचा गॅस संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो, आतली उष्णता घेऊन बाहेर सोडतो. नळी धड असेल तर तोच गॅस वर्षानुवर्षं चालतो. ऑगस्ट ते नोव्हेंबर एवढ्यात तीनदा गॅस कमी झाला याचा अर्थ एकच, नळीला कुठेतरी छिद्र आहे. ते बाहेरच्या भागात असेल तर डाग देऊन बुजवता येतं. पण आतल्या भिंतीच्या फोममध्ये असेल तर तिथपर्यंत पोचताच येत नाही. मेकॅनिक जे 'बॉडीच बदलावी लागते' म्हणाला, ते यामुळे.

आमच्या गटातल्या एका काकूंचा मुलगा एसी-फ्रीजचं काम करतो. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, कंपनी म्हणेल, विजेचा दाब कमीजास्त झाला म्हणून बिघडला. दाबाने कॉम्प्रेसर जळतो, रिले जळतो, नळीला छिद्र पडत नाही. दुसरी, कंपनी म्हणेल, तुम्ही बर्फ काढायला चाकू मारला. आणि हे खरंही घडतं! किती तरी घरांत फ्रीजरमधला बर्फ सुरीने खरवडतात आणि नळी फुटते. तसं झालं असेल तर तो आपला दोष, वॉरंटीत बसत नाही. ताईने कधी सुरी लावली नव्हती. म्हणून आम्ही फ्रीजर उघडून, दिवा धरून आतले चार फोटो काढले. कुठे ओरखडा नाही, खोच नाही. ते फोटो जोडले.

एवढी तयारी झाल्यावर आधी नोटीस पाठवली. सरळ आयोगात गेलो नाही. साध्या कागदावर, तारखेवार, दुकानदाराला आणि कंपनीला वेगवेगळी, ५ मे २०२४ ला रजिस्टर पोस्टाने. पंधरा दिवसांची मुदत दिली. त्याची झेरॉक्स, पोस्टाची पावती आणि सहीची पोहोच जपून ठेवली. आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं आहे, म्हणून तुम्ही स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा घ्या. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. काही कंपन्या तिथेच ऐकतात. पण ती हेल्पलाइन समजूत घालते, हुकूम देत नाही. आमच्या कंपनीने तिथे "वॉरंटी संपली" एवढंच कळवलं. नोटिशीलाही उत्तर आलं नाही. मग अर्ज लिहिला.

तो आता वाचून दाखवतो. नावं गाळली आहेत.

"मा. अध्यक्ष व सदस्य, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, भंडारा यांच्यासमोर.

तक्रारदार क्रमांक १, खरेदीदार. तक्रारदार क्रमांक २, त्यांची पत्नी, वस्तूचा वापर करणारी. दोघे राहणार वरठी, जिल्हा भंडारा. विरुद्ध पक्ष क्रमांक १, विक्रेता. विरुद्ध पक्ष क्रमांक २, उत्पादक कंपनी.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३५ प्रमाणे तक्रार.

१. तक्रारदारांनी दि. १८/०४/२०२३ रोजी विरुद्ध पक्ष १ कडून विरुद्ध पक्ष २ ने तयार केलेला फ्रीज घरगुती वापरासाठी रु. १७,४०० ला विकत घेतला. बिलाची प्रत दस्त १ आहे.

२. पूर्ण फ्रीजला खरेदीपासून एक वर्षाची वॉरंटी आहे. वॉरंटी कार्ड दस्त २ आहे. कार्डावरील सिरीयल नंबर व फ्रीजवरील नंबर एकच आहे. स्टिकरचा फोटो दस्त ३ आहे.

३. फ्रीज थंड होत नसल्याने दि. १२/०८/२०२३, ०१/१०/२०२३ व १८/११/२०२३ असे तीन वेळा विरुद्ध पक्ष २ चे मेकॅनिक आले. पहिल्या दोन वेळा गॅस भरला. तिसऱ्या वेळी 'इंटर्नल लीकेज' असे लिहून दिले. पहिल्या व तिसऱ्या वेळच्या जॉबशीट आणि दुसऱ्या तक्रारीचा मोबाईल संदेश दस्त ४ ते ६ आहेत.

४. गॅस बंद नळीत असतो व तो वापरून संपत नाही. तो वारंवार कमी होणे हा नळीतील गळतीचा दोष आहे. विजेच्या दाबाने असा दोष होत नाही. फ्रीजरवर बाहेरून कोणताही मार नाही. फोटो दस्त ७ आहेत.

५. तिन्ही दोष वॉरंटीच्या मुदतीत कळवले असता विरुद्ध पक्षांनी फ्रीज बदलून दिला नाही व दि. २१/०४/२०२४ रोजी वॉरंटी संपल्याचे सांगून नकार दिला. दि. ०५/०५/२०२४ च्या नोटिशीला उत्तर दिले नाही. नोटीस, पोस्टाच्या पावत्या व पोहोच दस्त ८ आहेत.

६. तक्रारदार क्रमांक १ यांच्या आईला रोज इन्सुलिन लागते. फ्रीज नसल्याने ते दुसऱ्याच्या घरी ठेवावे लागते. डॉक्टरांची चिठ्ठी दस्त ९ आहे.

७. तक्रारदार वरठी येथे राहतात, म्हणून या आयोगास अधिकार आहे. तक्रार वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आहे.

मागणी. अ, फ्रीज बदलून त्याच मॉडेलचा नवीन, दोषरहित फ्रीज नव्या वॉरंटीसह द्यावा. ब, ते शक्य नसल्यास रु. १७,४०० व्याजासह परत करावे. क, मानसिक त्रासासाठी रु. ५,००० व तक्रारीच्या खर्चासाठी रु. ३,००० द्यावे."

खाली दोघांच्या सह्या आणि यातला मजकूर खरा आहे असं शपथपत्र. बस, एवढाच अर्ज. शपथपत्र धरून चार पानं झाली. बघा, त्यात राग कुठेच नाही, पण प्रत्येक ओळीच्या मागे एक कागद आहे. सासूबाईंचं दुःख एका मुद्द्यात आलं, आणि त्यालाही डॉक्टरांची चिठ्ठी आहे.

मागणीबद्दल आमच्यात वाद झाला होता. एक जण म्हणाली, "दोन लाख मागा, मागाले काय जाते?" फी तर लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला जिल्हा आयोगात फी नाही हे खरं आहे. पण १७,००० च्या फ्रीजला दोन लाख मागितले तर आपलाच अर्ज हलका दिसतो. ज्याचा हिशेब सांगता येईल तेवढं मागितलं.

सातव्या मुद्द्याबद्दलही सांगतो. बिलाच्या खाली छापलं होतं, "सर्व वाद मुंबई न्यायक्षेत्रात." ते वाचून यजमान घाबरले होते. पूर्वीच्या १९८६ च्या कायद्यात तक्रार कुठे करायची हे बहुधा समोरच्याचं ठिकाण किंवा व्यवहाराची जागा पाहून ठरायचं. नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. आपल्याला भंडारा. दुसरं वाक्य होतं, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." सदोष माल ठरल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणंही तसंच. तेव्हा छापलेल्या ओळीला भिऊ नका.

जून २०२४ मध्ये ताई आणि यजमान भंडाऱ्याला जाऊन तक्रार देऊन आले. वकील लावला नाही. स्वतः उभं राहता येतं. किती संच लागतात ते कार्यालयात आधी विचारलं, कारण आयोगाला वेगळे आणि प्रत्येक विरुद्ध पक्षाला वेगळा संच द्यावा लागतो. मूळ बिल दिलं नाही, झेरॉक्स जोडली आणि मूळ दाखवायला सोबत नेलं. आता ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार भरता येते.

पुढे काय होतं ते सांगतो. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे सर्वसाधारणपणे २१ दिवसांत ठरतं. मग समोरच्यांना नोटीस जाते. त्यांना उत्तराला ३० दिवस मिळतात, आयोग आणखी १५ दिवस देऊ शकतो. त्यापुढे नाही. ४५ दिवसांनंतर लेखी उत्तर घेता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलं आहे. म्हणून नोटीस कधी पोचली ती तारीख वहीत लिहून ठेवा.

कंपनीचं उत्तर आलं. त्यात दोनच गोष्टी होत्या, विजेचा दाब आणि वॉरंटी संपली. आमच्या चौथ्या आणि पाचव्या मुद्द्यात दोन्हींचं उत्तर आधीच होतं. दोष आहे की नाही असा खरा वाद असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, आणि त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते. ताईला त्याचीच भीती होती. पण कंपनीच्याच मेकॅनिकने लीकेज लिहून दिलं होतं. आपल्याच माणसाचं अक्षर कंपनी कसं नाकारणार?

चौथ्या तारखेला कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला, मिटवून घेऊ, फ्रीज देतो. ताई 'हो' म्हणणार होती, पण आम्ही आदल्या दिवशी बोलून ठेवलं होतं. तिने तीन गोष्टी विचारल्या. फ्रीज नवीन की दुरुस्त केलेला? वॉरंटी आजपासून की जुनी? आणि किती दिवसांत? तो आधी "कंपनीतून तपासून आलेला पीस" म्हणत होता. शेवटी नवीन सीलबंद फ्रीज, एक वर्षाची नवी वॉरंटी, तीन हजार रुपये खर्च आणि तीस दिवसांची मुदत, असं लिहून दोघांच्या सह्या झाल्या आणि आयोगाने तसा आदेश दिला. त्रासाचे पाच हजार ताईने सोडले. सोडायला नको होते असं आमच्यातल्या काहींना अजून वाटतं. पण तिला फ्रीज लवकर हवा होता, उन्हाळा जवळ आला होता.

तोंडी तडजोड करून तक्रार मागे घेतली असती तर हातात काहीच राहिलं नसतं. आदेश असला आणि समोरच्याने पाळला नाही तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. आदेश न पाळणाऱ्याला कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. जानेवारी २०२५ मध्ये आदेश झाला आणि फेब्रुवारीत फ्रीज घरी आला.

वेळ किती लागला? तक्रार दिल्यापासून सात महिने. कायदा म्हणतो, तपासणी नसेल तर तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा पडतात. चार वेळा भंडाऱ्याला जावं लागलं, त्यातल्या दोनदा यजमानांची रोजी बुडाली. हे आधीच माहीत असलेलं बरं.

आणि मुदतीचं लक्षात ठेवा. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची. कंपनी 'कळवतो, कळवतो' म्हणत राहते आणि दिवस जातात. आम्ही शेवटच्या नकारापासून नाही, पहिल्या बिघाडापासून दोन वर्षं मोजली. तसं मोजलं की चूक होत नाही. उशीर झालाच तर कारण दाखवून माफी मागता येते, पण ती मिळेलच असं नाही.

आमच्या गटातल्या बायांनी एक प्रश्न विचारला, तो तुमच्याही मनात असेल. पापड-मसाल्यासाठी घेतलेली गिरणी बिघडली तर? व्यापारासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू बसते. तेव्हा अर्जात स्पष्ट लिहायचं, की ही गिरणी आम्ही स्वतः चालवतो आणि आमची उपजीविका तिच्यावर आहे. ही ओळ राहिली तर समोरचा पहिला आक्षेप तोच घेतो.

आता ताईच्या घरी भिंतीला एक प्लास्टिकची फाइल टांगली आहे. त्यात पंख्याचं, मिक्सरचं, नव्या फ्रीजचं बिल, सोबत झेरॉक्स, आणि शिक्का मारून घेतलेलं वॉरंटी कार्ड. फ्रीज उतरवला त्या दिवशी गाडीवरचा पोरगा सही घेऊन निघाला होता. ताईने त्याला थांबवलं, कार्डावर तारीख घालून घेतली, स्टिकरचा नंबर बिलाशी ताडून पाहिला आणि मगच चहा दिला. सासूबाईंचं इन्सुलिन आता दाराच्या वरच्या कप्प्यात, लोण्याच्या डब्याशेजारी असतं. शेजारणीकडे ताई अजूनही रोज जाते, पण आता बसायला.